एक ओळ बदलली, साठ प्रोजेक्ट हलले

‘जिरामधली माझी तिकिटं कुठे गेली?’ असं कुणी ॲडमिनला विचारतं, तेव्हा तिकिटं बहुतेक वेळा जागच्या जागीच असतात. गेलेली असते ती बघण्याची परवानगी. तीही विचारणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये कुणी काही केलं म्हणून गेलेली नसते. तिसऱ्याच प्रोजेक्टच्या कुणाच्या तरी विनंतीवरून सकाळी एक किरकोळ बदल झालेला असतो आणि त्याचा फटका इथे बसलेला असतो.

ज्यांचा जिराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिरा हे ॲटलासियन या सिडनीच्या कंपनीनं 2002 साली आणलेलं सॉफ्टवेअर. (नाव ‘गोजिरा’वरून, म्हणजे गॉडझिलाच्या जपानी नावावरून आलं.) ऑफिसातल्या प्रत्येक कामाचं एक तिकीट काढायचं, ते कुणाच्या तरी नावावर टाकायचं आणि पूर्ण होईपर्यंत त्याचा माग ठेवायचा, एवढाच त्याचा मूळ उद्योग. तिकिटं प्रोजेक्टमध्ये राहतात आणि प्रत्येक प्रोजेक्टला एक छोटी खूण असते: PAY, APP, OPS अशी. सुरुवातीला प्रोग्रामरांचं असलेलं हे साधन आता पगार विभाग, कायदा विभाग, खरेदी विभागही वापरतात. तिथूनच खरी गुंतागुंत सुरू झाली. प्रोग्रामरांना एकमेकांची तिकिटं दिसली तर फारसं बिघडत नाही, पगाराचं तसं नाही.

कोणी काय करायचं हे ठरवणारी गोष्ट म्हणजे परमिशन स्कीम. स्कीम उघडली की पडद्यावर एक तक्ता दिसतो. डावीकडे कृतींची नावं: Browse Projects म्हणजे प्रोजेक्ट आणि त्यातली तिकिटं बघणं, Create Issues म्हणजे तिकीट काढणं, Delete Issues म्हणजे कायमचं पुसणं, अशा तीस-चाळीस. उजवीकडे ती कृती कोणाला करता येईल ते. तिथे एखाद्या माणसाचं नाव असू शकतं, माणसांचा एखादा ग्रुप असू शकतो, तिकीट काढणारा किंवा ते ज्याच्याकडे आहे तो असू शकतो, ‘लॉगिन असलेला कोणीही’ असू शकतो, नाही तर एखादा रोल असू शकतो. अलीकडच्या क्लाउड आवृत्तीत तिकिटाला आणि प्रोजेक्टला ॲटलासियननं नवी नावं द्यायला सुरुवात केली आहे, त्यामुळे तुमच्या पडद्यावर शब्द थोडे वेगळे असतील. यंत्रणा तीच आहे.

एका प्रोजेक्टला एका वेळी एकच स्कीम लागते, पण एक स्कीम कितीही प्रोजेक्टना लावता येते. लावली म्हणजे तिची प्रत त्या प्रोजेक्टमध्ये जात नाही. सगळे प्रोजेक्ट त्याच एका तक्त्याकडे बघत असतात. नवा प्रोजेक्ट काढताना कुणी वेगळं काही सांगितलं नाही तर त्याला कंपनीची नेहमीची स्कीमच मिळते. त्यामुळे चार-पाच वर्षांत, कुणीही तसं ठरवलेलं नसताना, एका स्कीमवर पन्नास-साठ प्रोजेक्ट उभे राहतात. हे वाईट नाही. साठ वेगळे तक्ते सांभाळण्यापेक्षा एक सांभाळणं केव्हाही शहाणपणाचं. फक्त त्या तक्त्यातली एक ओळ बदलली की साठही ठिकाणी ती त्याच क्षणी बदलते, हे ध्यानात ठेवावं लागतं. बदल मंजुरीला जात नाही, रात्री लागू होत नाही. समोरच्याची पुढची क्लिक नव्या नियमानं चालते.

एकच तक्ता साठ प्रोजेक्टना कसा पुरतो, याचं उत्तर रोलमध्ये आहे. ग्रामपंचायतीचा कायदा ‘सरपंच सही करेल’ एवढंच म्हणतो. सरपंच कोण, हे ज्या त्या गावात ठरतं. रोल म्हणजे तसं पद. Developers, Viewers, Administrators ही पदं जिराचा मुख्य ॲडमिन सगळ्या कंपनीसाठी एकदाच ठरवतो. त्या पदावर APP मध्ये कोण आणि OPS मध्ये कोण, हे त्या त्या प्रोजेक्टचा ॲडमिन भरतो. स्कीममध्ये ‘Create Issues: Developers’ अशी एक ओळ असली की ती साठ ठिकाणी लागू होते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या माणसांना लागू होते. रोल नव्हते तेव्हा हेच काम ग्रुपवर चालायचं. ‘ॲप-डेव्हलपर’, ‘पगार-डेव्हलपर’ असे ग्रुप आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र स्कीम. जुन्या कंपन्यांच्या जिरामध्ये अजून त्याचे अवशेष सापडतात.

आता एक उदाहरण तपशिलात बघू. समजा, पुण्यात एक कंपनी आहे, साठ प्रोजेक्ट आहेत आणि सगळे एकाच स्कीमवर आहेत. स्कीममध्ये Browse Projects समोर ‘लॉगिन असलेला कोणीही’ आहे. छोटी कंपनी असताना कुणी तरी ते तसं ठेवलं आणि आजवर कुणाचं काही अडलं नाही. मग ग्राहकांच्या ॲपचं काम बाहेरच्या एका कंत्राटी टीमला दिलं जातं. टीममध्ये चौघं आहेत. त्यांना APP दिसावं, बाकी काही दिसू नये, एवढीच मागणी. पण ती चौघं लॉगिन करणार, म्हणजे तीही ‘लॉगिन असलेला कोणीही’ मध्येच बसणार आणि पहिल्या दिवसापासून साठही प्रोजेक्ट बघणार. पगारासकट.

इथे नवे ॲडमिन पहिल्यांदा जे करतात ते समजण्यासारखं आहे. Browse Projects समोर ते Developers आणि Viewers हे दोन रोल जोडतात आणि आता फक्त त्यांनाच दिसेल असं समजतात. तसं होत नाही. जिराच्या स्कीममध्ये ‘याला द्यावी’ असं म्हणता येतं, ‘याला देऊ नये’ असं म्हणायची सोयच नाही. एका कृतीसमोर पाच नोंदी असतील तर त्यांपैकी कुठल्याही एकीत बसणाऱ्याला परवानगी मिळते. त्यामुळे नवी, अरुंद नोंद जोडल्यानं काहीच अरुंद होत नाही. जुनी रुंद नोंद बसलेली आहे तोवर तीच चालते.

हे लक्षात आलं की ॲडमिन दुसरं टोक गाठतो आणि ‘लॉगिन असलेला कोणीही’ ही नोंद काढून टाकतो. बाहेरच्या चौघांना आता फक्त APP दिसतं, मागणी पूर्ण झाली. ॲडमिननं हे सगळं APP च्या सेटिंगमधून केलेलं असतं. तिथे परवानग्यांच्या पानावर गेलं आणि बदल करायला घेतला की उघडते ती सामाईक स्कीम. वाट एका प्रोजेक्टमधून जाते, म्हणून बदलही त्या प्रोजेक्टपुरताच राहील असं वाटतं. ही फसगत मी अनुभवी लोकांचीही झालेली पाहिली आहे.

मग फोन सुरू होतात. OPS प्रोजेक्टची तिकिटं सेल्सवाले रोज बघत होते. पण त्यांना कुणी Viewers मध्ये घातलंच नव्हतं, कारण आजवर गरज नव्हती. सगळ्यांना सगळं दिसतच होतं. ज्या ज्या प्रोजेक्टमध्ये रोल नीट भरलेले नव्हते, तिथे तिथे माणसं बाहेर पडली. जिरा त्यांना ‘तुमची परवानगी काढली’ असं सांगत नाही. जुनी लिंक उघडली तर तिकीट पुसलं गेलं असेल किंवा तुम्हाला बघण्याची परवानगी नसेल, असा दुटप्पी संदेश येतो. शोधात प्रोजेक्टची खूण टाकली तर असं उत्तर मिळतं:

```
The value 'OPS' does not exist for the field 'project'.
```

प्रोजेक्ट अस्तित्वातच नाही असं म्हणणारं हे उत्तर सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबर आहे. ज्याला बघायचा अधिकार नाही त्याला प्रोजेक्ट आहे हेही कळू नये. पण काल संध्याकाळपर्यंत तिथे काम करणाऱ्या माणसाला ते वाचून डेटा उडाला असंच वाटणार. तसे फोन आलेच तर नशीब समजा, कारण निदान गोष्ट कळते.

खरा त्रास देतात ते न आलेले फोन. सेल्सच्या प्रमुखांच्या डॅशबोर्डवर उघड्या तक्रारींचा आकडा काल 143 होता, आज 61 आहे. कुठेही लाल अक्षर नाही, कसलाही इशारा नाही. डॅशबोर्ड बघणाऱ्याला जेवढी तिकिटं दिसतात तेवढीच मोजून दाखवतो. प्रमुखांना वाटतं, टीमनं शनिवारी बसून बरंच काम उरकलं. एखाद्या तिकिटावर नजर ठेवून असलेल्यांना त्याच्या घडामोडींचे मेल यायचे, तेही बंद होतात, कारण जे तिकीट बघता येत नाही त्याचा मेल जिरा पाठवत नाही. मेल न आल्याची तक्रार कोण करतं? काही तिकिटं तर अशा माणसांच्या नावावर उरतात ज्यांना ती आता दिसतच नाहीत. काम त्यांचं आहे, पण त्यांच्या यादीत नाही.

याच्या जवळचाच एक प्रकार Assignable User या ओळीचा. नावात सारखेपणा असल्यानं Assign Issues शी तिची कायम गल्लत होते. Assign Issues म्हणजे तिकीट दुसऱ्याच्या नावावर टाकण्याचा अधिकार. Assignable User म्हणजे आपल्या नावावर तिकीट येऊ शकणं. सामाईक स्कीममधून दुसरी ओळ चुकून आकसली तर आधीची तिकिटं त्या माणसाच्या नावावरच राहतात. पण महिन्याभरानं कुणी तरी तेच तिकीट उघडून साधं शीर्षक दुरुस्त करायला जातं आणि अमुक माणसाला तिकीट देता येत नाही अशी चूक समोर येते. शीर्षक बदलणाऱ्याचा परवानगीशी काडीचा संबंध नसतो. अशा वेळी कारण शोधायला ॲडमिनचा अर्धा दिवस जातो.

परत आपल्या चौघांकडे येऊ. हे काम कुणालाही न दुखावता करता येतं आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. कंपनीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचा एक ग्रुप असतो किंवा करता येतो. त्यात बाहेरचे चौघं नसावेत. समजा त्याचं नाव office-staff. आधी Browse Projects समोर हा ग्रुप जोडायचा. मग जो ग्रुपमध्ये बसत नाही पण आजवर बघत होता, असा कोणी उरलाय का ते तपासायचं. वर्षभरासाठी आलेले सल्लागार, ऑडिटर असे लोक इथे हमखास सापडतात. त्यानंतरच ‘लॉगिन असलेला कोणीही’ काढायचं. आधी जोडणं, मग तपासणं, मग काढणं. ओळ साठ प्रोजेक्टमध्ये बदलली, पण कर्मचाऱ्यांपैकी कुणाच्याही पडद्यावर फरक पडला नाही.

त्या चौघांना APP दिसण्यासाठी त्यांना तिथल्या Developers मध्ये घालता येईल. पण मग Developers ना जे जे मिळतं ते सगळं त्यांनाही मिळेल, तिकीट पुसण्यासकट. ते नको असेल तर मुख्य ॲडमिननं Vendor नावाचा नवा रोल काढावा आणि सामाईक स्कीममध्ये बघणं, तिकीट काढणं, प्रतिक्रिया लिहिणं अशा मोजक्याच ओळींसमोर तो जोडावा. हा बदलही साठ ठिकाणी होतो. तरी 59 ठिकाणी त्याचा परिणाम शून्य, कारण Vendor हे पद तिथे रिकामं आहे. APP मध्ये त्या पदावर चार नावं टाकली की फक्त तिथे ते जिवंत होतं. सामाईक स्कीमला हात लावायची सगळ्यात निर्धोक रीत माझ्या मते हीच आहे: प्रोजेक्टांमधला फरक रोलच्या सदस्यांमध्ये ठेवायचा, तक्त्यात आणायचा नाही.

दोन गोष्टी मात्र इथे नजरेआड होतात. नवीन रोलला ‘ठरावीक सदस्य’ नेमता येतात, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये आपोआप येणारी माणसं. ती फक्त यापुढे निघणाऱ्या प्रोजेक्टमध्ये येतात. जुन्या साठ प्रोजेक्टमध्ये ती कुणी हातानं भरल्याशिवाय दिसणार नाहीत आणि नेमणूक बदलली तरी जुन्या ठिकाणी आधीचीच राहतात. दुसरी गोष्ट, क्लाउडच्या जिरामध्ये atlassian-addons-project-access असा एक लांबलचक नावाचा रोल असतो. त्यात माणसं नसतात; जोडलेली ॲप्स त्याच्या जोरावर प्रोजेक्टमध्ये काम करतात. स्कीम ‘साफ’ करताना हा अनोळखी रोल काढून टाकण्याचा मोह होतो. काढला की त्या स्कीमवरच्या सगळ्या प्रोजेक्टमधली ॲप्स अडखळतात, आणि दोष ॲप बनवणाऱ्यांवर जातो.

पगाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. PAY तर कंपनीच्या कर्मचाऱ्यांनीही बघायचं नाही, आणि सामाईक स्कीममध्ये आता office-staff ला सगळं दिसतं. नकार देण्याची सोय नाही हे वर पाहिलंच. म्हणून इथे सामाईक स्कीम सोडावी लागते. तिची प्रत काढायची, तिला ‘पगार – मर्यादित’ असं कळेल असं नाव द्यायचं, प्रतीतल्या Browse Projects मधून office-staff काढून फक्त रोल ठेवायचे आणि मग PAY ला ती प्रत लावायची. प्रत लावण्याआधी PAY चे रोल भरले आहेत ना, हे बघायचं. नाही तर पगार विभागच बाहेर राहतो.

प्रतीची किंमत पुढे मोजावी लागते. सहा महिन्यांनी ॲडमिन सामाईक स्कीममध्ये टीमलीडना स्प्रिंट सुरू करण्याची परवानगी देतो. ती 59 ठिकाणी पोचते, PAY मध्ये पोचत नाही. प्रतीला मूळ स्कीमची आठवण नसते. एखादी-दुसरी प्रत असेल तर लक्षात राहतं. प्रत्येक मागणीला नवी प्रत काढत गेलं की काही वर्षांत ‘Copy of Copy of Default’ अशी नावं दिसू लागतात आणि कुठली कशासाठी होती हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून प्रत तेव्हाच काढावी, जेव्हा नियमच वेगळा आहे. नियम तोच पण माणसं वेगळी असतील तर रोल पुरेसा आहे.

बदल बरोबर झाला का, हे ॲडमिननं स्वतःच्या लॉगिननं तपासू नये. तो बहुतेक ग्रुपमध्ये आणि रोलमध्ये असतो, त्याला सगळंच दिसतं. जिरामध्ये Permission helper नावाची सोय आहे. तिला माणूस, तिकीट आणि कृती सांगितली की परवानगी आहे की नाही आणि कोणत्या नोंदीमुळे, हे ती सांगते. वरच्या उदाहरणात तीन-चार नमुने पुरतात: सेल्समधला एक जण आणि OPS चं तिकीट, बाहेरच्या चौघांपैकी एक आणि PAY चं तिकीट, त्यातलाच एक आणि APP चं तिकीट. तरीही परवानगी असूनच एखाद्याला काम करता येत नसेल तर अडसर दुसरीकडे असतो. तिकिटावर स्वतंत्र सुरक्षा पातळी असू शकते किंवा कामाच्या टप्प्यावर एखादी अट असू शकते. तिथे स्कीम ढवळण्यात अर्थ नाही.

बदल चुकला तर मागे घ्यायचं बटण नाही. ऑडिट लॉगमध्ये कोणी, केव्हा, कोणती नोंद काढली हे सापडतं, पण ती हातानं परत टाकावी लागते. म्हणून मोठ्या बदलाआधी स्कीमची एक प्रत काढून, कुठल्याही प्रोजेक्टला न लावता, तारीख घालून ठेवलेली बरी. परत टाकताना काय होतं ते त्यात वाचता येतं. स्कीमच्या यादीत प्रत्येक नावासमोर ती वापरणारे प्रोजेक्ट दिसतात; ती यादी वाचून मगच पुढे जावं. आणि हे सगळं कंपनीनं चालवलेल्या प्रोजेक्टना लागू आहे. टीमनं स्वतः चालवायचा म्हणून काढलेल्या प्रोजेक्टची परवानगी त्याच्या आतच ठरते. सामाईक स्कीमचा त्याच्याशी संबंध येत नाही.

तुम्ही ॲडमिन नसाल, एखाद्या प्रोजेक्टचे प्रमुख असाल, तर स्कीम तुम्हाला बदलता येणार नाही. पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोणत्या रोलवर कोण आहे, हे बघणं आणि भरणं तुमच्या हातात आहे. ती यादी आज उघडा. ज्यांना रोज तिकिटं लागतात त्यांची नावं तिथे नसतील तर ती आजच घाला, कारण सध्या ती माणसं केवळ ‘लॉगिन असलेला कोणीही’ या ओळीच्या भरवशावर काम करत आहेत.